कार्डावर पेंटा-३ समोर ३/७/२४ आहे, पण तो डोस खरंच झालाय का?

पिंपळपान (५ फेब्रुवारी २०२५, रात्री ११:१०)

माझी मुलगी ११ मार्च २०२४ ची, म्हणजे आता अकरा महिन्यांची होईल. गेल्या महिन्यात आम्ही घर बदललं. इथल्या उपकेंद्रात जाण्याआधी तिचं काय झालंय आणि काय राहिलंय ते नीट पाहावं म्हणून कार्ड बघायला बसले. मूळ कार्ड अजून खोक्यांत कुठेतरी आहे, हातात आहे ती झेरॉक्स. त्यावर जसं दिसतंय तसं उतरवते:

जन्माच्या वेळी: बीसीजी ११/३/२४, पोलिओ-० ११/३/२४, हिपॅटायटिस-बी रिकामं
दीड महिना: पोलिओ-१, पेंटा-१, रोटा-१, एफआयपीव्ही-१, पीसीव्ही-१, सगळ्यांपुढे २४/४/२४
अडीच महिने: पोलिओ-२, पेंटा-२, रोटा-२, तिन्हींपुढे ५/६/२४
साडेतीन महिने: पेंटा-३ पुढे ३/७/२४, बाकी चारही रकाने रिकामे
नऊ महिने: एमआर-१ १३/१२/२४, जीवनसत्त्व अ १३/१२/२४, बाकी रिकामं
पुढील भेट: १०/१/२५

यातली १०/१ ची भेट शिफ्टिंगच्या धावपळीत राहिली, ही चूक आमचीच. पण ती भेट कशासाठी होती तेच कळत नाही. नऊ महिन्यांनंतर एकदम सोळा महिन्यांनी जायचं असतं ना? आणि साडेतीन महिन्यांना एकटा पेंटाच कसा दिला? बाकीच्या लसी त्या दिवशी संपल्या असतील का? नवऱ्याला पक्कं आठवतंय की तो पावसात तिला घेऊन गेला होता. मी तेव्हा पुन्हा कामावर रुजू झाले होते, त्यामुळे मी सोबत नव्हते.

मनोहर_आजोबा (५ फेब्रुवारी, रात्री ११:३४)

ताई, पेंटा-३ ची तारीख आहे म्हणजे तो झाला, त्याची चिंता नको. पोलिओचे थेंब तर पोलिओ रविवारी बूथवर मिळाले असतीलच, ते धरले की पोलिओ-३ पण झाला. राहिले तीन. पण एवढा उशीर झाल्यावर ते पहिल्यापासून सुरू करावे लागतील असं वाटतं. आमच्या नातवाच्या वेळी असंच काहीसं सांगितलं होतं.

देवदत्त_क (६ फेब्रुवारी, सकाळी ७:०२)

मला वेगळंच काहीतरी खटकतंय. पहिला पेंटा २४ एप्रिलला आणि दुसरा ६ मे ला? मध्ये फक्त १२ दिवस? दोन डोसांत चार आठवडे हवेत ना? मी फोनमधल्या तक्त्यात तारखा टाकल्या तर त्यानेही ६ मे असंच धरलं.

पिंपळपान (६ फेब्रुवारी, सकाळी ७:४०)

देवदत्त, ५/६ म्हणजे पाच जून. २४/४ मधला २४ महिना असूच शकत नाही, म्हणजे या कार्डावर दिवस आधी आणि महिना नंतर लिहिलाय. फोनचा तक्ता उलटं धरत असेल. पाच जूनलाही उशीरच झाला होता, तिला मध्ये ताप येऊन गेला होता.

निवृत्त_सिस्टर (६ फेब्रुवारी, सकाळी १०:१५)

पिंपळपान, मी एकतीस वर्षं लसीकरणाचं काम केलं, अशी कार्डं हजारोंनी भरली आणि वाचली. तुझं हे कार्ड वाचताना मला तो ३/७ झालेल्या डोसाचा वाटत नाही. का ते सांगते.

पहिल्या डोसाची तारीख २४/४. तिच्यात २८ दिवस मिळव, २२/५ येते. तुम्ही गेलात ५/६ ला. ५ जूनमध्ये २८ दिवस मिळव, बरोबर ३ जुलै येते. २४ एप्रिल, ५ जून, ३ जुलै, तिन्ही बुधवार आहेत, म्हणजे तुमच्या तिथलं सत्र बुधवारचं असणार. तेव्हा ३/७ ही बोलावलेली तारीख असू शकते. आमच्यापैकी पुष्कळ जणी डोस दिला की पुढच्या डोसाच्या रकान्यातच पुढची तारीख पेन्सिलीने टाकायच्या. बाळ आलं आणि लस दिली की पेन्सिल खोडून त्यावर पेनाने खरी तारीख. बाळ आलंच नाही तर पेन्सिल तशीच राहते. झेरॉक्सवर पेन आणि पेन्सिल दोन्ही काळंच दिसतं, म्हणून आधी मूळ कार्ड शोध.

दुसरी खूण तुझ्याच प्रश्नात आहे. साडेतीन महिन्यांच्या भेटीत पोलिओ-३, पेंटा-३, रोटा-३, एफआयपीव्ही-२ आणि पीसीव्ही-२ असे पाच डोस एकाच दिवशी देतात. एखादी लस संपलेली असू शकते, पण चार एकदम संपून एकटा पेंटा उरला, असं माझ्या नोकरीत तरी कधी घडलं नाही. कार्ड आडवं वाचायला शिक. एका भेटीच्या सगळ्या रकान्यांत एकच तारीख हवी. एकाच रकान्यात तारीख आणि शेजारी सगळं रिकामं दिसलं की थांबून विचारायचं.

जन्माच्या हिपॅटायटिस-बी चा रकाना मात्र रिकामाच राहू दे. तो डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आतच देतात, नंतर देत नाहीत. त्या रोगाची लस पेंटामध्ये आहेच, म्हणून पेंटाचे तीन पुरे होणं जास्त महत्त्वाचं.

आणि मनोहरराव, तुमचा पहिला मुद्दा मी मान्य करत नाही, ते वर लिहिलंच. बूथवरचे थेंब वेगळे मोजतात. ते कितीही वेळा घेतले असले तरी कार्डावरचा पोलिओ-३ त्याने भरत नाही. पहिल्यापासून सुरू करायचं तर कधीच नसतं. मधलं अंतर किती का वाढेना, दिलेला डोस वाया जात नाही, जिथे थांबलं तिथून पुढे जायचं. अंतर ठरल्यापेक्षा कमी पडलं तरच अडचण.

अनुजा_दोन_पिल्लं (६ फेब्रुवारी, सकाळी ११:०८)

सिस्टर, माझा प्रश्न जरा बाजूचा आहे. माझ्या धाकट्याला खाजगी दवाखान्यात सहा रोगांवरची एकत्र लस देतो. त्याच्या पुस्तिकेत प्रत्येक डोसाचा छोटा स्टिकर चिकटवलाय, त्यावर बॅच नंबर आणि मुदत. आता अंगणवाडीत सरकारी कार्ड मागतायत. सरकारी कार्डावर पेंटा आणि एफआयपीव्ही वेगवेगळे रकाने आहेत, माझ्या पुस्तिकेत दोन्ही मिळून एकच स्टिकर. ते भरायचं कसं? आणि त्याला नऊ महिन्यांना एमआर नाही, एमएमआर दिलंय.

गौरी_आई (६ फेब्रुवारी, दुपारी १२:२०)

बीसीजीचा डाग न आलेल्या बाळांना परत बीसीजी देतात का हो? माझ्या मुलाच्या दंडावर काहीच नाही.

निवृत्त_सिस्टर (६ फेब्रुवारी, दुपारी ३:५०)

गौरी, कार्डावर बीसीजीची तारीख असेल तर डाग नसला तरी पुन्हा देत नाहीत. तारीखही नसेल आणि डागही नसेल तर तो वेगळा प्रश्न, आणि सरकारी वेळापत्रकात बीसीजी एक वर्षापर्यंतच देतात. मुलाचं वय सांग.

अनुजा, एमएमआर मध्ये गोवर आणि रुबेला दोन्ही आहेतच, वर गालगुंडाची भर. एमआरच्या रकान्यात ती तारीख आणि शेजारी एमएमआर असं लिहून घ्यायचं. सहा रोगांच्या लसीत पेंटामधले पाच रोग आणि सुईचा पोलिओ येतो, म्हणून पेंटाच्या रकान्यात तीच तारीख लिहिता येईल. एफआयपीव्ही मात्र कातडीत दिलेला छोटा डोस असतो आणि तुझ्या लसीतला पूर्ण डोस स्नायूत दिलेला. तो कुठल्या रकान्यात आणि कसा लिहायचा हे तुझ्या भागातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवलेलं बरं. मी माझ्या मनाने सांगणार नाही.

बालरोग_प्रॅ (६ फेब्रुवारी, सायंकाळी ६:३०)

सिस्टरांनी कार्ड अगदी बरोबर वाचलंय. मी त्यात १०/१/२५ ची भर घालतो, कारण त्या तारखेवरून बरंच कळतं. १३ डिसेंबरमध्ये २८ दिवस मिळवले की १० जानेवारी येते. नऊ महिन्यांची भेट पूर्ण झालेल्या बाळाला कोणी चार आठवड्यांनी परत बोलावत नाही, त्याला थेट सोळा महिन्यांची तारीख मिळते. चार आठवड्यांनी बोलावलं याचा अर्थ १३ डिसेंबरला ज्यांनी लस दिली त्यांना काहीतरी राहिलेलं दिसलं होतं. ते त्याच दिवशी का दिलं नाही, हे घरच्यांना विचारा. एमआरबरोबर बाकीच्या सगळ्या राहिलेल्या लसी त्याच दिवशी वेगवेगळ्या जागी देता येतात, त्यामुळे थांबायला वैद्यकीय कारण क्वचितच असतं.

आणखी एक. बाळ ११ मार्चला वर्षाचं होईल. आपल्या सरकारी कार्यक्रमात पेंटा आणि रोटा एक वर्षापर्यंत सुरू करता येतात. तिचे दोन-दोन डोस झालेत, त्यामुळे वर्ष उलटलं तरी उरलेला मिळेल, दार बंद होत नाही. तरी अकरा महिन्यांच्या बाळाला आज लागणारं संरक्षण पुढच्या महिन्यावर ढकलण्यात अर्थ नाही. या आठवड्यातच जा.

मनोहर_आजोबा (६ फेब्रुवारी, सायंकाळी ७:१५)

माझं चुकलं, समजलं. पण एक शंका उरतेच. तो पेंटा-३ खरोखर दिलेला असेल आणि आता परत दिला, तर बाळाला त्रास नाही का होणार? नवऱ्याला पावसात नेल्याचं आठवतंय म्हणतात.

बालरोग_प्रॅ (६ फेब्रुवारी, रात्री ८:०५)

शंका रास्त आहे. जास्तीच्या पेंटाने मांडी थोडी जास्त सुजेल, दुखेल, ताप येईल, दोन दिवसांत उतरेल. याउलट तिसरा डोस चुकला आणि आपण झाला समजलो, तर घटसर्प आणि डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण अर्धवट राहतं. म्हणून नोंद संशयास्पद असेल आणि दुसरीकडे पुरावा मिळत नसेल तर डोस झाला नाही असं धरायचं, हा आमचा नियम. पण आधी पुरावा शोधा. जुन्या उपकेंद्राकडे कार्डाचा फाडून ठेवलेला भाग असतो, शिवाय त्यांच्या नोंदवहीत आणि ड्यू लिस्टमध्ये नाव असतं. यू-विनवर नोंदणी झाली असेल तर तुमच्या मोबाईल नंबरावरही दिसेल.

निवृत्त_सिस्टर (६ फेब्रुवारी, रात्री ९:२५)

डॉक्टर, सगळं पटलं. फक्त पुरावा शोधण्यात पंधरा दिवस घालवायचे नाहीत, एवढंच माझं म्हणणं. एक फोन करायचा. उत्तर मिळालं तर ठीक, नाहीतर पुढच्या सत्राला बाळ घेऊन जायचं. वह्या शोधता शोधता वर्ष उलटलेली बाळं मी पाहिलीत.

पिंपळपान (७ फेब्रुवारी, रात्री १०:४०)

मूळ कार्ड सापडलं! भांड्यांच्या खोक्यात, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये.

सिस्टर, तुम्ही म्हणालात तसंच. बाकी सगळ्या तारखा निळ्या पेनाने आहेत, एकटा ३/७/२४ पेन्सिलीने. आणि आणखी एक गंमत दिसली. पेंटा-२ च्या रकान्यात निळ्या ५/६/२४ च्या खाली कागद थोडा खरवडलेला आहे. दिव्याखाली कार्ड तिरकं धरलं तर तिथे खोडलेलं २२/५ अजून वाचता येतं. म्हणजे त्या सिस्टर अगदी तुम्ही सांगितलेल्या पद्धतीनेच लिहीत होत्या.

१३ डिसेंबरचंही कळलं. तेव्हा मुलगी आठवडाभर सासूबाईंकडे होती, त्याच घेऊन गेल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यांनी तीन सुया टोचायला काढल्या होत्या, दोन्ही मांड्यांना आणि दंडाला. ती आधीच केवढी रडत होती. मीच म्हटलं, आज एकच द्या, बाकीच्या पुढच्या वेळी." मग त्यांनी उजव्या दंडाला एमआर दिलं, चमच्याने पिवळं औषध पाजलं आणि पुढची तारीख टाकली. पुढची तारीख कशासाठी ते त्यांनी सासूबाईंना सांगितलं होतं, पण आमच्यापर्यंत पोचताना "पुढच्या महिन्यात जायचंय" एवढंच उरलं. मला त्यांचा राग आला नाही, मीही तेच म्हटलं असतं बहुतेक.

जुन्या उपकेंद्रात फोन लागला. त्यांनी वही बघितली, ३ जुलैच्या ड्यू लिस्टमध्ये मुलीचं नाव आहे, पुढे खूण नाही. नवरा मात्र अजून ठाम आहे. तो म्हणतो पावसात नेलं होतं आणि दोन तास बसलो होतो. कदाचित ते ५ जूनचंच असेल, मला खात्री नाही.

देवदत्त_क (८ फेब्रुवारी, सकाळी ८:११)

एक विचारू का? अडीच महिन्यांच्या ओळीत एफआयपीव्ही आणि पीसीव्ही नाहीत. ते पण राहिलेत का?

निवृत्त_सिस्टर (८ फेब्रुवारी, सकाळी ९:३०)

नाही देवदत्त, ते त्या भेटीत नसतातच. एफआयपीव्ही आणि पीसीव्ही दीड महिन्याला आणि साडेतीन महिन्यांना. मधल्या भेटीत फक्त पोलिओचे थेंब, पेंटा आणि रोटा. कार्डावर त्या भेटीत तो रकाना छापलेलाच नसतो, पण घरी तक्ता बनवला की रिकामी चौकट दिसते आणि माणूस घाबरतो. जपानी मेंदूज्वराचा रकानाही तसाच, तो काही जिल्ह्यांतच लागू आहे. तुमच्या जिल्ह्यात नसेल तर तो शेवटपर्यंत रिकामा राहतो.

पिंपळपान, वहीत खूण नाही आणि कार्डावर पेन्सिल. झालं, आता शोध थांबव. तुझ्या मिस्टरांची आठवण खोटी आहे असं मी म्हणत नाही, पण वजन करायला किंवा सर्दीसाठीही लोक बाळ घेऊन येतात. पुढच्या सत्राला जा आणि सिस्टरांना सांग की जे जे राहिलंय ते एकाच दिवशी द्या. जाताना मूळ कार्ड ने, झेरॉक्स नको.

गौरी_आई (८ फेब्रुवारी, दुपारी १:००)

सिस्टर, माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, कार्ड हरवलंय.

निवृत्त_सिस्टर (८ फेब्रुवारी, दुपारी १:४५)

मग बीसीजीचा विषय सोड गं, ते वय गेलं. तुझं खरं काम म्हणजे हरवलेलं कार्ड. जिथे लसी घेतल्या तिथल्या नोंदवहीवरून नवीन कार्ड लिहून मागता येतं. त्याची जन्मतारीख आणि तुझा तेव्हाचा मोबाईल नंबर घेऊन जा. यासाठी वेगळा धागा काढलास तर बरं, इथे पिंपळपानचं राहू दे.

पिंपळपान (१२ फेब्रुवारी, दुपारी ४:२०)

आज जाऊन आले. इथलं सत्रही बुधवारीच असतं.

इथल्या सिस्टरांनी कार्ड बघितलं, पेन्सिलीवर बोट ठेवलं आणि मी काही सांगायच्या आत म्हणाल्या, "हा झालेला नाही ना?" पोलिओ-३ आणि रोटा-३ चे थेंब दिले, डाव्या मांडीला पेंटा-३, उजव्या मांडीला पीसीव्ही-२, उजव्या दंडाला एफआयपीव्ही-२. तीन सुया एका बैठकीत. खूप रडली, पण मांडीवर घेऊन दूध पाजलं तशी पाच मिनिटांत गप्प झाली. सासूबाई सोबत होत्या, त्यांनीच तिचे हात धरले. सगळीकडे निळ्या पेनाने १२/२/२५. पेन्सिलीचा ३/७ त्यांनी माझ्यासमोर खोडला.

आता पुढच्या तारखांचं. सिस्टर ९/४/२५ म्हणाल्या, पण गर्दीत कारण विचारता आलं नाही. आणि कार्डावर सोळा महिने छापलंय, म्हणजे ११ जुलै. मग दोन्हीला जायचं का?

बालरोग_प्रॅ (१२ फेब्रुवारी, रात्री ८:५०)

छान झालं. ९ एप्रिल म्हणजे आजपासून बरोबर आठ आठवडे. पीसीव्हीचा शेवटचा डोस, ज्याला बूस्टर म्हणतात, तो नऊ महिन्यांच्या ओळीत छापलेला असतो. तुमच्या मुलीचा दुसराच आज झाला आणि दुसरा व बूस्टर यांत किमान आठ आठवडे ठेवतात, म्हणून ९ एप्रिल. छापील ओळीपेक्षा आधीच्या डोसाची खरी तारीख वरचढ असते.

हेच सोळा महिन्यांनाही लागू आहे. तिथे डीपीटीचा बूस्टर आहे आणि तो पेंटा-३ नंतर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. पेंटा-३ जूनमध्ये वेळेवर झाला असता तर ११ जुलैला काही अडचण नव्हती. तो आज, १२ फेब्रुवारीला झालाय, म्हणजे डीपीटीचा बूस्टर १२ ऑगस्टच्या आधी नको. एमआर-२ आणि पोलिओचा बूस्टर ११ जुलैनंतर कधीही चालतील. त्या भेटीची मुदत सोळा ते चोवीस महिने आहे, म्हणजे ११ मार्च २०२६ पर्यंत. दोन चकरा नको असतील तर १२ ऑगस्टनंतरच्या पहिल्या सत्राला सगळं एकदम घ्या.

निवृत्त_सिस्टर (१२ फेब्रुवारी, रात्री ९:४०)

डॉक्टर, मी असते तर जुलैमध्ये एमआर-२ देऊन टाकलं असतं आणि ऑगस्टला डीपीटीसाठी बोलावलं असतं. हे कुटुंब एकदा तारीख विसरलंय. ऑगस्टची भेट हुकली तर दुसरं गोवरही सोबत हुकेल.

बालरोग_प्रॅ (१२ फेब्रुवारी, रात्री १०:०२)

तोही मार्ग बरोबरच आहे. मी चकरा वाचवायचा विचार केला, तुम्ही धोका वाटून घ्यायचा. पिंपळपान, जे तुम्हाला जमेल ते करा, पण डीपीटीसाठी १२ ऑगस्ट ही तारीख मात्र आत्ताच कार्डावर लिहून घ्या. नाहीतर जुलैत दुसरं कोणी छापील सोळा महिने बघून तो आधीच देईल.

पिंपळपान (१३ फेब्रुवारी, सकाळी ६:५५)

रात्री ताप आला होता, ३८ च्या वर, सिस्टरांनी दिलेलं औषध वजनाप्रमाणे दिलं. आत्ता ३७.४ आहे. डाव्या मांडीवर थोडं कडक लागतंय, बाकी खेळतेय.

जुलैत जाईन आणि ऑगस्टलाही. कार्डाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिलंय: ९/४/२५ पीसीव्ही बूस्टर, ११/७/२५ नंतर एमआर-२ आणि पोलिओ बूस्टर, १२/८/२५ नंतर डीपीटी. पुढच्या तारखेच्या आधी "बोलावलंय" असा शब्द मी मुद्दाम लिहिलाय, म्हणजे परत कोणी झेरॉक्स काढली तरी कळेल. सासूबाईंच्या फोनमध्येही तिन्ही तारखांचा गजर लावला.

अनुजा_दोन_पिल्लं (१३ फेब्रुवारी, सकाळी ९:१२)

अंगणवाडीत ताई म्हणाल्या, सहा रोगांच्या लसीची नोंद कार्डावर कुठे करायची ते वरिष्ठांना विचारून सांगतो. अजून उत्तर नाही. तोपर्यंत पुस्तिका आणि कार्ड दोन्ही एकाच पिशवीत ठेवलंय. आणखी कोणाकडे असं झालंय का?

पिंपळपान (१३ फेब्रुवारी, सकाळी ९:३०)

अजून एक राहिलं सिस्टर. एफआयपीव्ही-३ चा रकाना नऊ महिन्यांच्या ओळीत आहे आणि काल त्यापुढे त्यांनी तारीख लिहिलेली नाही. ९ एप्रिलला पीसीव्हीबरोबर देतील का?

निवृत्त_सिस्टर (१३ फेब्रुवारी, सकाळी १०:०५)

तो तिसरा डोस २०२३ पासून आलाय, मी निवृत्त झाल्यानंतरचा, म्हणून उशिरा चाललेल्या बाळासाठी त्याचं अंतर मी तोंडपाठ सांगणार नाही. ९ एप्रिलला जाशील तेव्हा कार्ड उघडून त्या रकान्यावर बोट ठेव आणि विचार. दिला तर पेनाने तारीख, नाही दिला तर कधी द्यायचा ती तारीख पेन्सिलीने, दोन्हीपैकी एक लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस.